एकाच यंत्रातून गारवा आणि ऊब : रुग्णालयातील उष्णता पुनर्प्राप्ती चिलर

ऐन पावसाळ्यातही रुग्णालयाला एकाच वेळी थंडावा आणि ऊब या दोन्हींची गरज असते. शस्त्रक्रियागृहातील हवेतला दमटपणा काढण्यासाठी ती प्रथम १२-१३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी लागते. मात्र इतकी गार हवा तशीच आत सोडता येत नाही, म्हणून ती पुन्हा थोडी तापवली जाते. याशिवाय रुग्णांची आंघोळ, स्वयंपाकघर आणि धुलाईघर यांना गरम पाणी लागतेच. पारंपरिक व्यवस्थेत चिलर इमारतीतील उष्णता कूलिंग टॉवरमधून बाहेर फेकतो आणि शेजारच्याच खोलीत बॉयलर इंधन जाळून नवी उष्णता निर्माण करतो. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी उष्णता पुनर्प्राप्ती चिलर वापरला जातो.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. थंड पाण्यातून काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरला दिलेली वीज यांची बेरीज कंडेन्सरमधून बाहेर पडते. ती वाया न घालवता तिच्यावर ५० अंशांच्या आसपास पाणी तापवले जाते. पाणी जितके अधिक गरम हवे, तितकी वीज अधिक लागते.

एक उदाहरण

समजा, पावसाळ्यातील एका रात्री रुग्णालयाला ६०० किलोवॉट शीतकरण आणि ३०० किलोवॉट उष्णता हवी आहे. पुनर्प्राप्ती चिलर एक युनिट विजेत तीन युनिट शीतकरण करतो असे धरले, तर तो २२५ किलोवॉट थंडावा देईल, ७५ किलोवॉट वीज घेईल आणि बरोबर ३०० किलोवॉट उष्णता पुरवील. उरलेले ३७५ किलोवॉट शीतकरण मुख्य चिलर करतील. त्यांची कार्यक्षमता पाच धरल्यास त्यांना आणखी ७५ किलोवॉट वीज लागेल. एकूण वीज झाली १५० किलोवॉट.

जुन्या पद्धतीत सर्व शीतकरणाला १२० किलोवॉट वीज लागली असती. पण ८० टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरला ३७५ किलोवॉट इतक्या उष्णतेचे इंधन जाळावे लागले असते. म्हणजेच ३० किलोवॉट जादा विजेच्या मोबदल्यात तेवढे सारे इंधन वाचते.

दोन भारांचा मेळ

हिवाळ्यातील पहाटे चित्र पालटते. शीतकरणाची गरज १५० किलोवॉटपर्यंत उतरते आणि उष्णतेची मागणी ३५० किलोवॉट होते. अशा वेळी यंत्राला १५० किलोवॉटच उष्णता शोषता येते. त्यात ५० किलोवॉट वीज मिळवून ते २०० किलोवॉट ऊब देते. उरलेले १५० किलोवॉट बॉयलरनेच भागवावे लागतात. यावरून नियम स्पष्ट होतो : दोन मागण्यांपैकी जी आधी संपते, तिच्या मर्यादेतच यंत्र चालते. म्हणून त्याची क्षमता सर्वाधिक मागणीवर ठरवू नये. वर्षभर दोन्ही भार एकाच वेळी किती राहतात, याच्या तासागणिक नोंदी पाहून ती ठरवावी.

यंत्र मुख्य चिलरकडे परतणाऱ्या थंड पाण्याच्या नळावर बसवणे सोयीचे ठरते. ते परतीच्या पाण्याचा काही भाग घेते, थंड करते आणि त्याच नळात पुढे सोडते. शेवटचे तापमान मुख्य चिलर सांभाळत असल्याने पुनर्प्राप्ती चिलरला गरम पाण्याच्या मागणीनुसार चालता येते. मात्र थंड पाणी ठरावीक तापमानाखाली जाऊ लागल्यास त्याने भार कमी केलाच पाहिजे.

मागणीतील क्षणिक चढउतार पेलण्यासाठी गरम पाण्याची साठवण टाकी लागते. १०० किलोवॉटचा फरक दहा मिनिटे सांभाळायचा आणि टाकीतील तापमान पाच अंशांनीच बदलू द्यायचे, तर सुमारे २,९०० लिटरची टाकी हवी. ती नसल्यास कॉम्प्रेसर वारंवार सुरू-बंद होतो आणि लवकर झिजतो.

बिघाडाच्या खुणा

दुपारी उच्च दाबामुळे यंत्र बंद पडत असेल, तर उष्णता घेणारे कोणी उरलेले नाही असे समजावे. परतीचे गरम पाणी आधीच तापलेले आढळेल. अशा वेळी यंत्राने भार उतरवावा किंवा जादा उष्णता कूलिंग टॉवरकडे वळवावी. पहाटे कमी दाबामुळे ते थांबत असेल, तर शीतकरणाचा भार अपुरा आहे. बॉयलर पेटलेला असताना पुनर्प्राप्तीची उष्णता टॉवरकडेही जात असेल, तर नियंत्रणाच्या क्रमात किंवा झडपेत चूक आहे.

आणखी एक सापळा आहे. यंत्राला काम मिळावे म्हणून हवा गरजेपेक्षा अधिक थंड करून पुन्हा तापवणे ही बचत नव्हे. आधी अनावश्यक पुनर्तापन कमी करावे. तसेच लिजिओनेला जिवाणूंच्या धोक्यामुळे वापराचे गरम पाणी ६० अंशांवर साठवण्याचा दंडक आहे. म्हणून ५० अंशांचे पाणी देणाऱ्या चिलरने पूर्वतापन करावे आणि शेवटचे दहा अंश बॉयलरवर सोपवावेत.