घटनाभ्यास-विश्लेषण (नेतृत्व व मनुष्यबळ व्यवस्थापन)

एखाद्या संस्थेतील प्रत्यक्ष पेचप्रसंग वाचून त्यातील मूळ समस्या ठरवणे, तिची कारणे शोधणे आणि अमलात आणता येईल अशी शिफारस करणे, ही व्यवस्थापन अभ्यासक्रमातील लेखनपद्धती. प्रस्तुत नोंदीत ती गिरणगावातील 1982 च्या गिरणी संपाच्या आधारे मांडली आहे.

पार्श्वभूमी : 1981 च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावर प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलसह काही गिरण्यांत असंतोष उफाळला व कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. 18 जानेवारी 1982 पासून सार्वत्रिक संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते असे सामान्यतः मानले जाते. पगारवाढ, घरभाडे भत्ता, बदली कामगारांना कायम करणे आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या. संप औपचारिकरीत्या मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.

निर्णयकर्ता व तारीख : विश्लेषणाची पहिली पायरी हीच, आणि विद्यार्थी सर्वाधिक गाळतात तीही हीच. निर्णय कोणाचा आणि कोणत्या दिवशी घ्यायचा, हे आधी लिहावे. येथे परळच्या एका कल्पित गिरणीचा व्यवस्थापक घेऊ. तारीख डिसेंबर 1981. त्याला पुढे गिरण्या बंद पडणार आहेत हे ठाऊक नाही. उत्तरपत्रिकेत ‘संप फसणारच होता’ असे वाक्य आले, की लेखकाने पुढची माहिती मागे आणली हे कळते.

समस्येची निश्चिती : बोनस हे लक्षण की समस्या? यासाठी एक साधी कसोटी आहे : लक्षण दूर केले तर तंटा मिटेल का? बोनस पूर्ण दिला असता, तरी मान्यताप्राप्त संघटनाच नको ही मागणी उरलीच असती. म्हणून समस्येचे विधान असे करावे लागते : ज्या संघटनेशी बोलण्याचे कायदेशीर बंधन आहे तिच्यावर कामगारांचा विश्वास नाही आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याला कायद्याने स्थान नाही. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना असे. तिने केलेला करार सर्व कामगारांवर बंधनकारक ठरे.

कारणमीमांसा : येथे सिद्धांत वापरावा, पण एकच व तो पुराव्याला जोडून. ॲडम्स यांच्या समन्याय सिद्धांतानुसार माणूस आपल्या मोबदल्याची तुलना इतरांशी करतो. इंजिनिअरिंग कारखान्यांत सामंतांनी मिळवून दिलेली पगारवाढ गिरणी कामगाराला शेजारच्या खोलीतूनच कळत होती. त्याच्या तुलनेचे माप बाजूच्या गिरणीतला पगार हे राहिले नव्हते. बदली कामगाराची स्थिती वेगळी. पाळीच्या वेळी तो गेटवर हजर राहायचा आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचा; वर्षानुवर्षे काम करूनही कायम नाही. त्याचा प्रश्न मुख्यतः शाश्वतीचा होता. दोन्ही गटांना ‘कामगार’ या एका शब्दात कोंबणारे विश्लेषण येथेच फसते. ‘संवादाचा अभाव’ हे कारणही टाळावे. ते कुठल्याही घटनेला लागू पडते.

इतर घटक : भिवंडीच्या यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रसामग्री.

पर्याय : व्यवस्थापकापुढे तीन मार्ग दिसतात. पहिला, कायद्यावर बोट ठेवून थांबणे. खर्च नाही, पण विश्वासाचा प्रश्न तसाच. दुसरा, सामंतांशी थेट करार. विश्वास मिळेल, परंतु अशा कराराला कायद्याचा आधार नाही आणि मालक संघाची एकजूट मोडते. तिसरा, मान्यताप्राप्त संघटनेशी करार करून खातेनिहाय बदली कामगारांना टप्प्याटप्प्याने कायम करणे. हा मार्ग कायद्यात बसतो, मात्र ज्या संघटनेची सही कामगारांना नको, तिचीच सही त्यावर असणार.

शिफारस : तिसरा पर्याय एकटा अपुरा पडतो. म्हणून त्याला दुसरा भाग जोडावा लागतो : मालक संघामार्फत शासनाकडे प्रातिनिधिक संघटनेसाठी गुप्त मतदानाची मागणी. पहिला भाग व्यवस्थापकाच्या आवाक्यातला. त्यासाठी खाते, संख्या, मुदत आणि वाढणारा वेतनखर्च लिहावा. दुसरा त्याच्या हातात नाही, हे शिफारशीतच नमूद करावे. राष्ट्रीय मिल मजदूर संघ सत्ताधारी काँग्रेसच्या छत्राखालील असल्याने शासन मतदान मान्य करण्याची शक्यता कमीच होती. कच्चा दुवा असा उघड सांगितला नाही, तर परीक्षक तो पहिल्याच वाचनात पकडतो. मतदान नाकारले गेल्यास व्यवस्थापकाकडे उरते ती बदली कामगारांची यादी आणि संप सुरू होण्यापूर्वीचे काही आठवडे. शिफारशीचे वेळापत्रक तेवढ्यातच बसवावे लागते.

मांडणी : संस्थेने दिलेल्या नमुन्यानुसार.