स्वरसंधी : अविमुक्तेश्वर आणि मुनेश्वर
होसकोटे (बंगळूर परिसर) येथील अविमुक्तेश्वर मंदिराच्या नावात गुणसंधी आहे : ‘अविमुक्त’मधील अंत्य अ आणि ‘ईश्वर’मधील आद्य ई मिळून ए होतो. आधी इ असेल तर मात्र सवर्णदीर्घ संधी होऊन ई येतो; म्हणून मुनि + ईश्वर = मुनीश्वर. तरीही बंगळुरात ‘मुनेश्वर’ हे देवनाम सर्रास आढळते. यावरून नियम खोटा ठरतो, असा आक्षेप येईल. तो मला पटत नाही. अविमुक्तेश्वर, सोमेश्वर अशा नावांतून ‘एश्वर’ हा तयार शेवट कानात बसतो आणि तोच सादृश्याने ‘मुन’ला लागला असावा. म्हणजे इथे संधी घडलेलाच नाही. विग्रह करताना शेवट न पाहता पूर्वपदाचा अंत्य स्वर तपासावा.