ग्लुकोमीटरवरील HI, LO आणि एरर

HI म्हणजे साखर यंत्राच्या मोजमर्यादेपलीकडे, बहुतेक यंत्रांत 600 मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर. मात्र नुकताच आंबा सोललेल्या बोटावरचा रसही HI दाखवू शकतो. म्हणून साबणाने हात धुऊन, कोरडे करून नव्या पट्टीवर पुन्हा तपासावे. तरीही HI आल्यास मनाने जादा इन्सुलिन न घेता लगेच रुग्णालय गाठावे.

LO म्हणजे साधारण 20 च्या खाली. इथे फेरतपासणीसाठी थांबू नये. शुद्धीवरच्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, 15 मिनिटांनी मोजावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा.

एरर हे साखरेचे मापन नव्हेच; बहुधा रक्त कमी पडलेले असते किंवा पट्टी दमट, वापरलेली असते. पट्टी बदलावी. घाम, थरथर असेल तर मात्र आधी साखर.