१०१ धावा, १०१ षटकं: ओव्हल १९७१ पुन्हा सांगताना

गेल्या भागात आपण ओव्हलच्या १९७१ च्या कसोटीबद्दल बोललो. खरं सांगायचं तर तो भाग मी दोनदा रेकॉर्ड केला. पहिला फेकून दिला. का, ते आज सांगतो.

पहिली स्क्रिप्ट मी धावफलकावरून लिहिली होती. दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचायची सवय, त्यामुळे हात आपोआप तसाच चालला. ती साधारण अशी होती: ‘इंग्लंड सर्वबाद ३५५. नॉट ९०, जेमसन ८२, हटन ८१. दुसऱ्या दिवशी पाऊस, खेळ नाही. भारत सर्वबाद २८४. इंग्लंड दुसरा डाव सर्वबाद १०१, चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी. भारत ६ बाद १७४. भारत चार गडी राखून विजयी.’ एकही आकडा चुकीचा नाही. सगळं क्रमाने.

हे मी आजोबांना ऐकवलं. त्यांनी ती मॅच रेडिओवर ऐकली होती. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “अरे, जिंकलो ते तुला पहिल्यापासून माहीत आहे. आम्हाला कुठं माहीत होतं?”

मी गप्प. चूक नेमकी तिथेच होती. माझ्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या दिवसाचा नॉट आणि शेवटच्या दिवसाचा आबिद अली एकाच अंतरावर उभे होते. सगळं घडून गेलेलं.

मग मी दुसऱ्यांदा बसलो आणि प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारला: या क्षणी मैदानावरच्या माणसांना काय माहीत होतं, आणि या घटनेनंतर त्यांच्यापुढचे कोणते मार्ग बंद झाले? ज्या घटनेने काहीच बंद झालं नाही, ती एका वाक्यात. जिने दार लावलं, तिला पूर्ण परिच्छेद.

या चाळणीतून पहिले तीन दिवस बघा. लॉर्ड्स आणि मँचेस्टर, दोन्ही कसोट्या अनिर्णित सुटलेल्या. इथे दुसरा दिवस पावसात गेला. २३ ऑगस्टला, चौथ्या दिवशी सकाळी, भारताचा पहिला डाव संपला तेव्हा इंग्लंड ७१ धावांनी पुढे होतं. म्हणजे इंग्लंडने आरामात खेळून काढलं असतं तर मॅच अनिर्णित राहणार, आणि भारताला इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय मिळायला आणखी वाट बघावी लागणार. हे सांगून झालं की ३५५ आणि २८४ ची कामं संपली. नॉटच्या ९० धावा इथे फक्त एवढ्यासाठी लागतात, की दुसऱ्या डावात हाच माणूस पुन्हा नडू शकतो हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहावं.

आता पहिलं वळण. लॉगमध्ये ते ‘२३/१, जेमसन धावबाद १६’ इतकंच आहे. घडलं काय? लकहर्स्टने सरळ फटका मारला, चेंडू चंद्रशेखरच्या हाताला लागून नॉन-स्ट्रायकरच्या यष्टींवर गेला आणि जेमसन क्रीजबाहेर होता. हा निव्वळ योगायोग. तो योगायोग म्हणूनच सांगायला हवा. ‘चंद्रशेखरने चपळाईने धावबाद केलं’ असं लिहिलं की गोष्ट छान वाटते, पण खोटी होते.

पण योगायोगाने काय उघडलं, ते खरं आहे. एड्रिच आत आला आणि शून्यावर त्रिफळाचित झाला. चंद्रशेखरच्या वेगवान चेंडूपुढे त्याची बॅट वेळेत खालीच आली नाही. लगेच फ्लेचर, सोलकरच्या हातात झेल, तोही शून्य. जेवणाला इंग्लंड ३ बाद २४. एड्रिचच्या चेंडूबद्दल एक किस्सा प्रसिद्ध आहे: सरदेसाईंनी चंद्रशेखरना ‘मिल रीफ टाक’ असं सुचवलं. मिल रीफ हा त्या वर्षीची डर्बी जिंकलेला घोडा, म्हणजे वेगवान चेंडू टाक. किस्सा मी ठेवला, पण किस्सा म्हणून. विकेट धावफलकात आहे, संवाद नाही. ऐकणाऱ्याला हा फरक कळायला हवा.

दुसरं वळण नॉट. लॉग म्हणतो: ‘झेल सोलकर, गोलंदाज वेंकटराघवन, १’. पण पहिल्या डावातले ९० आठवत असतील तर हा ‘१’ वेगळा ऐकू येतो. सोलकरने फलंदाजाच्या पुढ्यातून, झेप घेऊन, जमिनीलगत झेल घेतला. धावसंख्या ५ बाद ५४. डाव सावरून नेईल असा माणूस गेला. त्यानंतर १०१ पर्यंतचा प्रवास मी दोन वाक्यांत संपवला. दार आधीच लागलं होतं.

भारताला १७३ हव्या होत्या. इथे मी स्वतःच फसणार होतो. स्नोने गावसकरला शून्यावर पायचीत केलं. लॉर्ड्सवर याच स्नोने धावताना गावसकरला धक्का देऊन पाडलं होतं आणि पुढच्या कसोटीत त्याला बाहेर बसवलं होतं. म्हणजे नाट्य तयारच! पण माझा प्रश्न विचारला तर उत्तर येतं: धावसंख्या २, नऊ गडी शिल्लक, काहीच बंद झालेलं नाही. तो रंग आहे, वळण नाही. एका वाक्यात ठेवला.

खरं वळण पाचव्या दिवशी सकाळी. रात्री भारत २ बाद ७६, वाडेकर ४५ वर. सकाळी एकही धाव वाढायच्या आत वाडेकर धावबाद. अजून ९७ हव्यात, समोर अंडरवुड आणि इलिंगवर्थ. आता ‘सावकाश’ हा शब्द वापरून चालत नाही, दाखवावा लागतो. इलिंगवर्थने त्या डावात ३६ षटकं टाकली आणि ४० धावा दिल्या. सगळ्या गोलंदाजांची षटकं मी जोडली, बेरीज १०१ आली. इंग्लंडचा अख्खा डाव १०१ धावांचा आणि ४५.१ षटकांचा, आणि भारताचा पाठलाग १०१ षटकांचा. आजोबा रेडिओला कान लावून बसले होते ते या षटकांसाठी. सरदेसाई ४०, विश्वनाथ ३३, दोघंही नॉटच्या हाती झेल देऊन गेले. मधे सोलकर १ वर. इंजिनियर मात्र शेवटपर्यंत उभा राहिला, नाबाद २८.

आबिद अलीचा विजयी चौकार मी मुद्दाम लहान ठेवला. तेव्हा तीनच धावा हव्या होत्या. कळस म्हणून वाजवायचा मोह होतो, पण ताण त्याआधीच उतरला होता.

त्या दिवशी, २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. भारतीय प्रेक्षकांनी बेला नावाची हत्तीण मैदानात आणली होती. लॉगमध्ये ती कुठेच नाही, आणि निकालावर तिचा परिणाम शून्य. माझ्या नियमाने ती कापायला हवी होती. नवी स्क्रिप्ट ऐकवताना मी तसं म्हणालोसुद्धा.

“कापू नकोस,” आजोबा म्हणाले. “आमच्याकडे त्या दिवशी आरतीला उशीर झाला होता.”

ठेवली. पुढच्या भागात भेटू.