तळटीप: ५ टक्के कशावर मोजायचे?

* ऑर्डरपेक्षा जास्त माल घेण्याची लेखकाने म्हटलेली ५ टक्क्यांची मुभा परचेस ऑर्डरच्या मूळ संख्येवर धरायची, उरलेल्या मालावर नव्हे. समजा, ऑर्डर ५०० बेअरिंगची आहे. पहिल्या गाडीत ३०० आले; तेवढेच जमा करून ऑर्डर २०० साठी उघडी ठेवायची. दुसऱ्या खेपेला चलनावर २४० लिहिलेत आणि मोजूनही २४० भरले. एकूण मर्यादा ५२५, म्हणून २२५ साठ्यात घ्यायचे. उरलेले १५ चिठ्ठी लावून वेगळे ठेवायचे. खरेदी विभागाने ऑर्डर वाढवली तरच ते जमा होतील, नाहीतर परत. चलन पाहून सगळे २४० चढवणारे स्टोअरकीपर मी पाहिले आहेत. पंधरा नग परत जातात, पुस्तकात मात्र राहतात आणि वर्षाखेरच्या मोजणीत तूट म्हणून निघतात. — संपादक