शेवटचा गुरमता

१८०५ च्या अखेरीस यशवंतराव होळकर अमृतसरला पोचले. मागे लॉर्ड लेकची इंग्रज फौज होती आणि पुढे आशा एकच, की लाहोरचा तरुण राजा रणजितसिंग आपल्या बाजूने उभा राहील. रणजितसिंगाने स्वतः होकार दिला नाही, नकारही दिला नाही. त्याने शीख सरदारांची जुनी सभा, सरबत खालसा, बोलावली. लढायचे नाही, मध्यस्थी करायची, असे तिथे ठरले. १ जानेवारी १८०६ ला इंग्रजांशी तह झाला आणि होळकरांना पंजाब सोडावा लागला.

आपल्या इतिहासात हा प्रसंग होळकरांच्या परवडीचा म्हणून येतो. शिखांच्या इतिहासात त्याची नोंद वेगळ्या कारणाने होते. सबंध पंथाने एकत्र बसून घेतलेल्या निर्णयाला ‘गुरमता’ म्हणतात, आणि राज्यकारभाराच्या प्रश्नावरचा हा शेवटचा गुरमता मानला जातो. भजन करणाऱ्या मंडळींची फौज आणि फौजेचे राज्य कसे झाले, हे सांगताना बहुधा तलवारींची गोष्ट सांगितली जाते. मला त्यापेक्षा या सभेची गोष्ट सांगावीशी वाटते.

तिचे मूळ संगतीत आहे. गुरू नानकांनी उतारवयात रावीकाठी कर्तारपूर वसवले. तिथे लोक शेती करत, कीर्तन ऐकत आणि एका पंगतीत जेवत. पुढच्या गुरूंच्या काळात अशा संगती गावोगाव उभ्या राहिल्या. त्यांच्यात आणि गुरूंत दुवा राहावा म्हणून ‘मसंद’ नेमले गेले. कमाईचा दहावा हिस्सा, दसवंध, मसंद गोळा करत आणि गुरूंकडे पोचवत. अमृतसर वसले आणि तिथले हरिमंदिर उभे राहिले ते याच पैशावर. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला. त्यात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे मराठी वाचकाला माहीत असतेच. पण बादशहाला दिसले ते दुसरेच. लाहोर-दिल्लीच्या वाटेवर एका माणसाच्या शब्दावर हजारो लोक जमतात, पैसा देतात, आणि त्यात हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत. जहांगीरने ही चीड आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. बंडखोर शहजादा खुस्रोला आशीर्वाद दिल्याचे निमित्त मिळाले आणि १६०६ मध्ये लाहोरला गुरू अर्जुनदेवांचा अंत झाला.

त्यांचे पुत्र गुरू हरगोबिंद यांनी दोन तलवारी बांधल्या, एक परमार्थाची, दुसरी राजसत्तेची. हरिमंदिरासमोर त्यांनी अकाल तख्त उभारले. भेट म्हणून घोडे आणि शस्त्रे आणा, असा निरोप मसंदांमार्फत संगतींना गेला. म्हणजे वाहिनी जुनीच राहिली, तिच्यातून येणारा माल बदलला. पण निर्णय अजूनही एकट्या गुरूंचाच होता, आणि गुरू म्हणजे एक देह, जो पकडता येतो. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, तेव्हा हे पुन्हा दिसले. मधल्या काळात मसंदही सुस्तावले होते. गोळा केलेले धन वाटेतच जिरू लागले होते. काही जण स्वतःच गुरूसारखे मिरवू लागले होते.

१६९९ च्या वैशाखीला आनंदपूरला जे झाले ते या दोन्ही दुखण्यांवर उपाय म्हणून पाहिले तर त्याचा नेमकेपणा कळतो. गुरू गोबिंदसिंगांनी शिर मागितले आणि पाच जण उठले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंपरेनुसार त्यांत लाहोरचा खत्री होता, हस्तिनापूरचा जाट होता, पुरीचा पाणक्या होता, द्वारकेचा कापड छापणारा आणि बीदरचा न्हावी होता. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. पाचांना अमृत दिल्यावर गुरूंनी हात जोडून त्याच पाचांकडून स्वतः अमृत घेतले. दीक्षा देण्याचा अधिकार आता कुठल्याही पाच दीक्षितांकडे आला. मसंदांची व्यवस्था मोडीत निघाली आणि खालसा थेट गुरूंचा झाला. केस आणि शस्त्र यांमुळे माणूस लपू शकणार नाही, अशीही सोय झाली. संकटात गर्दीत मिसळून जाण्याची वाटच बंद.

ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोबिंदसिंग निवर्तले. चारही मुलगे आधीच गेले होते, दोन चमकौरच्या लढाईत आणि दोन सरहिंदला भिंतीत चिणून. यापुढे गुरू ग्रंथात आणि पंथात, असे शिखांनी मानले. नांदेडलाच भेटलेल्या बंदा नावाच्या बैराग्याला गुरूंनी पंजाबात धाडले होते. त्याने मे १७१० मध्ये सरहिंद घेतले. त्याची नाणी निघाली ती गुरू नानक आणि गुरू गोबिंदसिंगांच्या नावाची, त्याच्या स्वतःच्या नव्हे. १७१६ मध्ये दिल्लीला त्याला आणि त्याच्या शेकडो साथीदारांना मारण्यात आले. त्यानंतर शिखांना एकच एक पुढारी उरला नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ते टिकले.

लाहोरच्या सुभेदाराने, झकेरियाखानाने, शिखांच्या डोक्यावर इनामे लावली, आणि तेही पुरेना म्हणून १७३३ मध्ये उलटी चाल केली. त्याने जहागीर देऊ केली आणि सोबत नवाबीचा किताब पाठवला. किताब घ्यायचा तर कोणी? एकेकाने नकार दिला. शेवटी संगतीला पंख्याने वारा घालत असलेल्या कपूरसिंगाच्या अंगावर ती वस्त्रे चढवली, आधी पाच शिखांच्या पायांना लावून, असे शीख परंपरा सांगते. सरकारी मान जमावाने आपल्या सेवेकऱ्याला दिला, यात थट्टा आहे तसा निर्णयही आहे. जहागीर दोनेक वर्षांतच परत गेली, पण तेवढ्या उसंतीत कपूरसिंगाने विखुरलेले जथे दोन दलांत बांधले, वयस्कांचा बुड्ढा दल आणि तरुणांचा तरुणा दल. १७४८ च्या वैशाखीला अमृतसरला आणखी पुढची पायरी आली. पासष्टएक जथे अकरा मिसलींत गोळा झाले, सगळ्यांचा मिळून दल खालसा झाला आणि जस्सासिंग अहलुवालिया त्याचा सेनापती ठरला.

ही सभा चाले कशी? वर्षातून दोनदा, वैशाखीला आणि दिवाळीला, रानावनांतले जथे अमृतसरला येत. अकाल तख्तासमोर ग्रंथाच्या साक्षीने सगळे बसत. कडाप्रसाद वाटला जाई आणि तो सर्वांनी मिळून खायचा, म्हणजे आपापसातले तंटे सभेपुरते बाजूला. मग मोहीम कुठे, सेनापती कोण, कोणाशी तह, यावर बोलणे होई. ठरले की ते गुरूंचे मत. ते मोडणे म्हणजे सरदाराचा नव्हे, गुरूंचा अवमान. हुकूम बजावायला सभेकडे शिपाई नव्हते. धाक होता तो लोकलाजेचा आणि समोर उभ्या शत्रूचा.

पैसा राखीतून येई. मराठी वाचकाला चौथाई ठाऊक आहे, म्हणून फरक सांगतो. चौथाई सुभ्यावर बसे आणि वर दरबारांच्या करारांत ठरे. राखी खाली गावात ठरे. गावाने साऱ्याचा पाचवा हिस्सा, रब्बी आणि खरीप अशा दोन हंगामांत, जथ्याला द्यायचा. बदल्यात सरकारी वसुलीदार, अफगाण किंवा दुसरा एखादा जथा आला तर गावाचे रक्षण करायचे. मिसलीतही असाच व्यवहार असे. स्वार स्वतःचा घोडा आणि बंदूक घेऊन येई. मिळकतीतला वाटा त्याला हक्काने मिळे आणि सरदार पटला नाही तर तो दुसऱ्याकडे जाई. पगारी नोकर नव्हता तो, भागीदार होता.

१७५८ मध्ये रघुनाथरावांची फौज, अदीना बेग आणि हे शीख जथे मिळून लाहोरात शिरले. मराठ्यांनी सुभा पाऊण कोटीच्या बोलीवर अदीना बेगला दिला आणि मुख्य फौज परतली. पंजाब हातात राहिला नाही, कारण खाली गावात राखी घेणारा माणूस मराठ्यांचा नव्हता. शिखांचा होता, आणि पानिपतानंतरही तो तिथेच राहिला. फेब्रुवारी १७६२ मध्ये अब्दालीने मालेरकोटल्याजवळ बायकामुलांसह चाललेला शिखांचा तळ गाठून हजारो माणसे एका दिवसात कापली. त्याला शीख वड्डा घल्लुघारा, मोठा संहार, म्हणतात. दोन महिन्यांत त्याने हरिमंदिर सुरुंगाने उडवले. दुसरे कुठले राज्य असते तर एवढ्यात संपले असते. इथे राजधानी नव्हती, खजिना नव्हता, मारावा असा राजा नव्हता. जानेवारी १७६४ मध्ये शिखांनी सरहिंद घेतले. त्या दिवशीची एक आठवण इतिहासकार कनिंगहॅमने नोंदवली आहे. लढाई संपताच स्वार चहूकडे दौडत सुटले, आणि दिसेल त्या गावात कमरपट्टा, म्यान, अंगातला कपडा टाकत गेले. हे गाव माझे, याची ती खूण.

सभेच्या ऱ्हासाची सुरुवात मला इथेच दिसते. १७६५ मध्ये लाहोर घेतल्यावरही नाणे गुरूंच्याच नावाचे निघाले, पण शहर तीन सरदारांनी आपसात वाटून घेतले. आता स्वाराकडे गाव होते, सरदाराकडे किल्ला होता, आणि १७६९ नंतर अब्दालीही फिरकला नाही. दिवाळीला अमृतसरला जावे असे कारणच उरले नाही. जस्सासिंग रामगढियाला बाकीच्या सरदारांनी सतलजपार हाकलले. १७८५ मध्ये बटाल्याजवळ कन्हैया मिसलीचा वारस शिखांशीच लढताना पडला. त्याची विधवा सदाकौर हिने आपली मुलगी विरोधी सुकरचकिया घराण्यात दिली. जावई होता रणजितसिंग. सासूच्या फौजेसह त्याने जुलै १७९९ मध्ये लाहोर घेतले आणि १८०१ मध्ये तो महाराजा झाला.

त्याने जुने काही उघडपणे मोडले नाही. नाणे नानकशाहीच ठेवले, सरकारला ‘सरकार खालसाजी’ म्हटले. होळकरांच्या वेळी सभाही घेतली, कारण इंग्रजांना दुखवू नये हा नावडता निर्णय एकट्याच्या माथी नको होता. त्यानंतर राजकारणासाठी सभा भरवायचेच त्याने सोडले. भागीदार स्वाराच्या जागी महिन्याच्या पगारावरचे पायदळ आले, १८२२ पासून त्याला फ्रेंच आणि इटालियन अधिकारी कवायत शिकवू लागले. वाटा मागणारा शिपाई आता हुकूम ऐकणारा झाला, निदान १८३९ मध्ये महाराजा वारेपर्यंत.

पुढची काही वर्षे दरबारातल्या खुनांनी भरलेली आहेत. त्यात एक गोष्ट कमी सांगितली जाते. १८४१ पासून पलटणींनी आपले पंच निवडायला सुरुवात केली. पंच एकत्र बसत, पगार ठरवत, वजिरांना जाब विचारत, आणि आपण खालसा पंथ आहोत असे सांगून कारभार करत. सप्टेंबर १८४५ मध्ये वजीर जवाहरसिंगाला त्यांनी लाहोरबाहेर बोलावले आणि रणजितसिंगाच्या विधवा राणीच्या डोळ्यांदेखत ठार केले. जुन्या सभेसारखी कडाप्रसादाची शिस्त त्यांच्यात राहिली नव्हती, पण निर्णय आपला, ही जुनी समजूत होती. डिसेंबरात हीच फौज सतलज ओलांडून इंग्रजांवर गेली आणि दोन महिन्यांत सोबरावला हरली.

मार्च १८४६ च्या लाहोरच्या तहात इंग्रजांनी फौजेसाठी वेगळी कलमे घातली. बंडखोर पलटणी मोडाव्यात, पायदळ पंचवीस पलटणींपुरते आणि घोडदळ बारा हजारांपुरते ठेवावे, आणि त्यांचा पगार नि नियम महाराजा रणजितसिंगाच्या काळी होते तसे असावेत.