उत्पन्न-प्रारूप (व्यवसाय-योजनेतील)

धंद्यात पैसा कोणाकडून, कशाबद्दल आणि केव्हा येणार याची ठरलेली रीत म्हणजे उत्पन्न-प्रारूप. बोलीभाषेत याला ‘रेव्हेन्यू मॉडेल’ म्हणतात. मुख्य रीती तीन. प्रत्येक व्यवहारामागे टक्का घ्यायचा ती कमिशनची रीत, म्हणजेच दलाली किंवा अडत. ठरावीक मुदतीचे पैसे घेऊन सेवा चालू ठेवायची ती वर्गणी. एकदाच पूर्ण किंमत घेऊन वस्तू वा परवाना हाती द्यायचा ती एकरकमी विक्री. मराठी वाचकाला तिन्ही जुन्या ओळखीच्या आहेत. बाजार समितीतला अडत्या, मासिकाचा वर्गणीदार आणि दुकानातून पुस्तक विकत घेणारे गिऱ्हाईक ही त्यांचीच उदाहरणे.

बहुतेक व्यवसाय-योजनांत हा भाग एका ओळीत उरकलेला असतो: ‘आम्ही मासिक वर्गणी घेऊ.’ ही ओळ म्हणजे निर्णय झाला, त्याचे समर्थन झाले नाही. समर्थन करायचे तर नाकारलेल्या दोन रीतींचाही हिशेब त्याच आकड्यांवर मांडून दाखवावा लागतो. त्या हिशेबाचा पाया दोन प्रश्नांवर उभा असतो. आपला खर्च एकदाच होतो की दरवर्षी? आणि ग्राहकाला होणारा फायदा एका व्यवहारात संपतो की वापर चालू असेपर्यंत टिकतो?

एक कल्पित पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. पुण्यात दोघे जण मिळून गृहनिर्माण सोसायट्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतात. देखभाल शुल्काची बिले, पावत्या, थकबाकीची यादी आणि लेखापरीक्षकाला लागणारी पत्रके त्यातून निघतात. सोसायटी सरासरी 80 सदनिकांची धरू. एक सोसायटी मिळवायची म्हणजे कमिटीच्या दोन-तीन बैठकांना रात्री जाऊन बसायचे, जुन्या वह्यांतले शिल्लक आकडे भरायचे आणि खजिनदाराला शिकवायचे. हा खर्च 9,000 रुपये, एकदाच होणारा. पुढे सर्व्हर, संदेश, फोनवरची मदत आणि बदलणाऱ्या नियमांनुसार दुरुस्त्या यांचे दर सोसायटीमागे दरवर्षी 4,000. याशिवाय दोघांचा पगार आणि जागा मिळून वर्षाचा स्थिर खर्च 12 लाख. दर वर्षी 60 नव्या सोसायट्या मिळतील असा अंदाज आहे.

एकरकमी विक्रीत परवान्याची किंमत 25,000 ठेवली तर पहिल्या वर्षी सोसायटीमागे 12,000 उरतात. साठांचे 7 लाख 20 हजार होतात आणि स्थिर खर्चाला 4 लाख 80 हजार कमी पडतात. ही तूट सोसण्याजोगी वाटते. मात्र दुसऱ्या वर्षी आधीच्या 60 सोसायट्या फोन करत राहतात आणि पैसे काही देत नाहीत. त्यांच्या सेवेचे 2 लाख 40 हजार धरून तूट 7 लाख 20 हजारांवर जाते, तिसऱ्या वर्षी 9 लाख 60 हजारांवर. जितके जुने ग्राहक जास्त, तितका तोटा जास्त. म्हणजे चांगले काम केल्याची शिक्षाच. खर्च दरवर्षीचा आणि उत्पन्न एकदाचे, ही विसंगती त्यामागे आहे. मराठी नियतकालिकांच्या आजीव वर्गणीतही हीच विसंगती असते. रक्कम एका वर्षी हाती येते आणि संपून जाते, कागद, छपाई आणि टपालाचा खर्च मात्र वाचक असेपर्यंत चालतो. एकरकमी विक्री शोभते ती विकल्यानंतर खर्च जवळपास संपतो अशा वस्तूला. ती सेवेला लावायचीच असेल, तर पहिल्या वर्षानंतर देखभालीचा वार्षिक करार वेगळा करावा लागतो.

वर्गणी सदनिकेमागे महिना 15 रुपये ठेवली तर सोसायटीकडून वर्षाला 14,400 येतात. सेवेचा खर्च जाऊन 10,400 उरतात. पहिल्या वर्षी यातूनच 9,000 फेडायचे असल्याने हाती फक्त 1,400 राहतात. त्यामुळे पहिल्या वर्षाची तूट 11 लाखांवर जाते, एकरकमी विक्रीच्या दुपटीहून जास्त. योजना वाचणारा बँक अधिकारी इथेच भुवया उंचावतो. पण दर वर्षी शंभरातल्या दहा सोसायट्या सोडून जातात असे धरले, तरी दुसऱ्या वर्षी तूट साडेपाच लाखांवर येते, तिसऱ्या वर्षी अर्ध्या लाखाच्या आत येते आणि चौथ्या वर्षी सुमारे चार लाख शिल्लक पडतात. तिन्ही वर्षांची तूट मिळून 17 लाखांच्या आसपास. वर्गणी निवडणाऱ्या योजनेने हा आकडा भांडवलाच्या गरजेत स्पष्ट लिहिला पाहिजे. तो नसेल, तर लेखकाने वर्गणीचे गोड टोकच पाहिले आहे असे समजावे.

या गणिताचा नाजूक सांधा म्हणजे गळती, म्हणजे वर्षाकाठी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण. शंभरातल्या दहाऐवजी तीस सोसायट्या गेल्या, तर तूट पाच वर्षे चालते आणि एकूण साडेतेवीस लाखांच्या जवळ पोचते. इथे व्यवसायाची माहिती नसलेला माणूस फसतो. सोसायटी सॉफ्टवेअर सोडते ते बहुधा नाराजीने नव्हे, तर कमिटी बदलल्यावर. महाराष्ट्रात निवडून आलेल्या कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. नवा खजिनदार आपल्या ओळखीचा हिशेबनीस आणि त्याची पद्धत घेऊन येतो. म्हणून पहिल्या दोन वर्षांत गळती कमी दिसली तरी ते आश्वासन मानू नये. ज्या सोसायट्यांत कमिटी बदलली, त्यांतल्या किती टिकल्या हे वेगळे मोजावे. असे दहा-पंधरा दाखले जरी योजनेत आले, तरी ते बाजारपेठेच्या मोठमोठ्या अंदाजांपेक्षा जास्त बोलतात.

वर्गणीची वसुली कशी होणार हेही प्रारूपाचाच भाग आहे. मोबाइलवरच्या मनोरंजनाची वर्गणी ग्राहकाच्या खात्यातून आपोआप वळती होते. सोसायटीचा धनादेश पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनी निघतो, त्यामुळे दरमहा 1,200 रुपये मागणे म्हणजे दरमहा सह्यांसाठी जिने चढणे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिथे खर्चाची चर्चा होते. तेव्हा वर्षाचे पैसे एकदम घ्यावेत आणि नूतनीकरण आर्थिक वर्षाशी जुळवावे. मात्र एप्रिलमध्ये आलेले 14,400 हे त्या दिवसाचे उत्पन्न नाही. जूनअखेर त्यांतले 3,600 कमावलेले असतात, बाकीचे ग्राहकाचे देणे असते. सेवेच्या आगाऊ रकमेवर लागू असलेला जीएसटी मात्र थांबत नाही. पूर्ण रक्कम नफा समजून खर्च करणारे पुढच्या मार्चपर्यंत अडचणीत येतात.

कमिशनचा हिशेब कागदावर सर्वांत देखणा दिसतो. सदनिकेमागे महिना 2,500 रुपये देखभाल धरली तर सोसायटीची वर्षाची वसुली 24 लाख होते. तिच्यावर अर्धा टक्का म्हणजे 12,000, वर्गणीच्या जवळपास. अडचण अशी, की कमिशन मिळते ते पैसे आपल्या वाटेने गेले तरच. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून घ्यायचा शुल्कदर शून्य आहे. रहिवासी सोसायटीच्या खात्यात यूपीआयने थेट, फुकट पैसे भरू शकतो आणि भरतोच. वसुलीचा चौथा हिस्साच सॉफ्टवेअरमार्फत आला तर कमिशन 3,000 होते, म्हणजे सेवेचा खर्चही निघत नाही. शिवाय कमिटीच्या बैठकीत कोणी तरी विचारणारच, “पैसे आमचे, भरणारे आम्ही, मग तुमचा टक्का कशाचा?” या प्रश्नाला उत्तर नाही, कारण इथे मध्यस्थाने गिऱ्हाईक आणून दिलेले नाही.

कमिशन टिकते ते मध्यस्थाविना व्यवहार झालाच नसता तिथे. अडत्या अनोळखी शेतकरी आणि अनोळखी खरेदीदार यांची गाठ घालतो, लिलाव लावतो, पैशाची हमी घेतो. तरीही टक्का कोणी द्यायचा हा वाद सुटत नाही. जुलै 2016 मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. टक्का खरेदीदाराच्या नावावर गेला तरी तो बोलीचा भाव कमी करून शेतकऱ्याकडे परत येऊ शकतो. म्हणून योजनेत ‘विक्रेत्याकडून दहा टक्के’ एवढेच लिहून भागत नाही. तो विक्रेता भाव वाढवेल का आणि मग गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल का, हे तपासावे लागते.

कमिशनकडून वर्गणीकडे जाण्याचा ठळक भारतीय दाखला रिक्षांचा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये बेंगळुरूत ‘नम्म यात्री’ हे रिक्षाचे ॲप सुरू झाले, ते भाड्यातला टक्का न घेण्याच्या अटीवर. पुढे चालकाकडून दिवसाला 25 रुपये घेण्याची रीत त्यांनी आणली. दिवसाला हजार रुपये भाडे मिळवणाऱ्या चालकाला 20 टक्के कमिशन म्हणजे 200 रुपये पडतात, त्यामुळे फरक सांगावा लागला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये उबरनेही भारतात रिक्षांसाठी कमिशन सोडून वर्गणी स्वीकारली. या बदलाची किंमतही आहे. भाडे प्रवासी थेट चालकाला देतो, म्हणून पैशाच्या तक्रारीत मधल्या कंपनीच्या हातात फारसे काही उरत नाही. कमिशन घेणाऱ्याला प्रत्येक फेरी पूर्ण होण्यात स्वार्थ असतो, वर्गणी घेणाऱ्याला चालक उद्याही पैसे भरेल एवढ्यात. प्रारूप बदलले की धंदा कोणाची काळजी घेतो तेही बदलते, आणि योजनेत ही बाब बहुधा सुटते.

आपल्या उदाहरणात निवड वर्गणीची, पण 17 लाखांचे भांडवल नसेल तर? तेव्हा मिश्र रीत येते. सुरुवातीच्या आकडेभरणीचे आणि शिकवण्याचे 5,000 रुपये एकदाच घ्यायचे, पुढे वर्गणी. साठ सोसायट्या तशाच आल्या तर लागणारे भांडवल 11 लाखांच्या आत बसते आणि तिसऱ्याच वर्षी शिल्लक पडते. परंतु सुरुवातीचे शुल्क ऐकून काही कमिट्या मागे फिरतील. साठांऐवजी पंचेचाळीसच आल्या तर भांडवल सुमारे 15 लाख लागते, चौथ्या वर्षाची शिल्लक निव्वळ वर्गणीतल्या चार लाखांवरून सव्वादोनच्या जवळ उतरते. साठांतल्या किती मागे फिरतील हे कागदावर कळत नाही. पहिल्या वीस कमिट्यांपैकी दहांना शुल्कासह आणि दहांना शुल्काविना दर सांगायचा, आणि कोणी किती दिवसांत होकार दिला याची नोंद योजनेला जोडायची.